कोंबडीच्या आधी घरी जाणारा माणूस

१९३४ साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो. शाळेत दुसरीपर्यंत गेलो होतो. तिसरीत का गेलो नाही, हे मास्तराला विचारायला पाहिजे होतं, पण तो आता नाही. मला लिहिता येते, वाचता येते, आणि झडत्या जुळवता येतात. या तिन्हींत झडत्या मला जास्त चांगल्या येत होत्या. गावात दुसऱ्या कोणाला तेवढ्या चांगल्या येत नव्हत्या. हे मी आपल्या तोंडानं सांगून राहिलो, कारण सांगणारे बाकीचे मरून गेले.

आमचं गाव आमगावपासून दीड कोसावर. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर सगळे बैल आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात. मग दोन बाजूंनी माणसं उभी राहून एकमेकांवर झडत्या टाकतात. झडती म्हणजे दोन ओळींची टोमण्याची जोडणी. एक जण म्हणतो, शेवटी सगळं गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडते, आणि ज्याच्यावर पडली त्यानं जागच्या जागी परत फेकायची. बैल मधात उभे राहून ऐकतात. झडत्या संपल्या का मालगुजाराचा, म्हणजे गावच्या मालकाचा, बैल आधी तोरणाखालून जातो, मग बाकीचे. त्या दिवशी मालगुजारावरही बोलता येते. दुसऱ्या दिवशी येत नाही.

झडत्या कोणावर टाकायच्या आणि कायच्यावर टाकायच्या नाहीत, हे आठ दिवस आधी ठरते. ठरवणारा गावचा म्हातारा सुतार होता. त्याला कोणी नेमलं नव्हतं. पण नांगर-जू तोच बनवत होता, म्हणून त्याच्याशी भांडायला कोणी तयार नव्हतं. आम्ही पाच-सहा जण त्याच्या अंगणात भुशावर बसायचो आणि एकेक झडती ऐकवायचो. तो रंधा मारत राहायचा. झडती चांगली असली तर रंधा चालू. नसली तर थांबायचा.

त्या साली एकानं आणली ती देवीचे वण असलेल्या माणसावर होती. रंधा थांबला.

"ते वण त्यानं बाजारातून आणले काय गा?"

"नाही."

"मंग ठेव खाली."

दुसऱ्यानं आणली ती नवे जोडे घेऊन काखेत धरून चालणाऱ्यावर. सुतार म्हणाला, "जोडे त्यानं आपल्या मनानं घेतले, काखेतही आपल्या मनानं धरते. बोल." तिसऱ्याची होती दारू पिणाऱ्यावर. ती ऐकून मी हसलो. सुतार हसला नाही.

"दारू त्याची सवय आहे ना?" तिसरा म्हणाला.

"सवय त्याची. पण घरी गेल्यावर मार खाते त्याची बायको. ती तोरणाजवळ उभी राहीन. तिच्याकडे पाहून म्हनशीन काय?"

"नाही म्हननार."

"मंग कोनाकडे पाहून म्हनशीन?"

त्यानं तीही ठेवून दिली.

सुताराचं माप एकच होतं. जे माणूस उद्या सकाळी उठून सोडू शकते, त्याच्यावर बोला. जे सोडता येत नाही, त्याच्यावर बोलू नका. म्हणून जात नाही, अंगाचं व्यंग नाही, घरातलं मरण नाही, पाळणा रिकामा असला तर ते नाही, माहेरी परत आलेली पोरगी नाही, वाईट साली कोणी काय खाल्लं ते नाही. आणि बैलाच्या दिसण्यावर तर अजिबात नाही, कारण त्या दिवशी तो पाहुणा असतो आणि त्याला परत फेकता येत नाही. माणसाचा कंजूषपणा चालतो, घोरणं चालते, मिशी चालते, सासरवाडीला जाऊन आठ दिवस राहणं चालते.

हे माप काही सुताराच्या डोक्यातून निघालं नव्हतं. माझ्या लहानपणी एकानं रिकाम्या पाळण्यावर झडती टाकली होती. लोक हसलेही होते. ज्याच्यावर पडली त्यानं बैलाचा दोर धरला आणि तोरणाच्या आधीच घरी निघून गेला. त्यानंतर त्याचे बैल कधी आखरावर आले नाहीत. पोळ्याच्या दिवशी तो आपल्याच दारात दोन बैल सजवून उभा राहायचा, एकटा. आम्ही समोरून जायचो. झडती टाकणाऱ्याचं घर त्याच्या बाजूला होतं. दोघांमधलं कुंपण दर साली उंच होत गेलं.

उलटंही होते. ज्याच्यावर कोणी झडती टाकत नाही, त्यालाही राग येते. त्याच आठवड्यात मालगुजाराचा माणूस सुताराच्या अंगणात आला.

"मालिक पूछ रहे हैं, इस साल उनपर कितनी हैं?"

"एक," सुतार म्हणाला.

"पिछले साल दो थी."

"एक मोठी आहे."

तो माणूस ऐकवा म्हणाला. आम्ही ऐकवली.

मालकानं घेतली छत्री, गोंदियाच्या बाजारात,
पानी आलं तं मिटून घेतली, भिजून जाईन म्हनतात!

त्यानं मान हलवली आणि म्हणाला, ठीक है, लेकिन एक और बना दो. आम्ही घड्याळावर आणखी एक बनवली.

सुताराच्या दुसऱ्या दोन गोष्टी होत्या. पहिली झडती स्वतःवर टाकायची. तो दर साली आपली टाकायचा.

माह्या हातचा नांगर बाप्पा, चाले आपल्या मनानं,
बांधी राहिली एकीकडे, नांगरलं आंगन त्यानं!

बांधी म्हणजे धानाची जागा. त्याचा नांगर गावात सगळ्यात सरळ चालत होता, म्हणून लोक जास्त हसायचे. आणि दुसरी गोष्ट अशी का, नवी झडती ज्याच्यावर असेल त्याच्या घरच्या माणसाला आधी ऐकवायची. घरचं माणूस हसलं तर टाकायची.

त्या साली मी या दोन्ही गोष्टींत थोडा कमी पडलो. चुकलो असं म्हणत नाही. कमी पडलो.

माझ्याजवळ एक बैल होता. बाजूच्या घरच्या माणसाजवळ एक. दोघांची मिळून एक जोडी. आमच्याकडे याला सावड म्हणतात. एक दिवस त्याची बांधी, एक दिवस माझी. तीन सालं आमचे बैल एका जुवाखाली होते. तो माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा, कामाला चांगला, आणि झडतीला परत फेकण्यात माझ्यानंतर तोच. त्याची एक सवय होती. सूर्य बुडायच्या आधी तो काम सोडून घरी जायचा. दोन फेरे उरलेले असले तरी जायचा. "राहू दे गा, उद्या करू," म्हणायचा, बैल सोडायचा आणि निघायचा. दिवा लागायच्या आत जेवून झोपलेला. चिखलणीच्या दिवसांत सगळं गाव अंधार होईपर्यंत बांधीत राहायचं. उरलेले दोन फेरे मी एकटा मारायचो. तीन सालं मी ते मनात ठेवलं होतं आणि त्याची झडती झाली होती.

सुताराच्या अंगणात मी ती सगळ्यात शेवटी ऐकवली.

कोंबडी अजून आंगनात, गाय अजून रानात,
माहा जोडीदार जेवून-खाऊन, घोरून राहिला घरात!

सगळे हसले. रंधा थांबला नाही, पण हळू झाला.

"काऊन जाते तो लवकर?" सुतार म्हणाला.

"सवय आहे."

"त्याले विचारलं काय?"

"सवयीले काय विचाराचं? उद्या सकाळी सोडू शकते ना? मंग चालते. तुमचंच माप आहे."

"माप माहंच आहे. त्याच्या घरी ऐकव आधी."

आणि मग त्यानं रंधा खाली ठेवून सगळ्यांना सांगितलं, का या साली त्या घराकडे जरा सांभाळून. जोडीदाराच्या पोरीची सोयरीक चालू होती. मुर्रीकडचे पाहुणे पोळ्यालाच येणार होते, पोरगी, घर, बैल, माणसं सगळं एकदम पाहायला. दोन सोयरिकी आधी परत गेल्या होत्या. हे पोरीचं तिसरं स्थळ होतं. पाहुणे एक रात्र राहणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हो की नाही सांगून जाणार होते. "पोरीवर एक अक्षर नाही, सोयरिकीवर नाही, घरावर नाही," सुतार म्हणाला. आम्ही हो म्हणालो. मी सगळ्यात मोठ्यानं म्हणालो. माझी झडती त्यातल्या कशावरच नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जोडीदाराची बायको भेटली. मी म्हणालो, "वहिनी, ऐका," आणि ऐकवली. ती घागर ओढत होती. ओढायची थांबली. हसली नाही.

"दुसरं काही नाही काय हो तुमच्याजवळ, भाऊजी?"

"काऊन? चांगली नाही काय?"

"ते घोरतही नाहीत," ती म्हणाली, आणि घागर घेऊन गेली.

मी त्यातून असं समजलो का बायकांना झडती समजत नाही. घरी येऊन माझ्या बायकोला ऐकवली. ती हसली. घरचं माणूस हसलं पाहिजे असं सुतार म्हणाला होता; कोणाच्या घरचं, हे मी त्या वेळी फार बारीक पाहिलं नाही.

पोळ्याच्या दिवशी पाहुणे दुपारी आले. आमगावपर्यंत आगगाडीनं, तिथून पायी. दोघंच होते. एक पोराचा बाप, पांढऱ्या मिशांचा, हातात काठी, फार कमी बोलणारा. आणि त्याच्यासोबत एक तरणा पुतण्या. आखराच्या कडेला पिंपळाचा पार होता, तिथं त्यांना बसवलं. जोडीदारानं आपला बैल असा सजवला होता का मालगुजाराच्या बैलानं दोनदा पाहिलं. शिंगांना बेगड, अंगावर झूल, पाठीवर हिंगुळाचे ठिपके. पोरगी पाणी द्यायला एकदा पारावर आली आणि परत गेली. पाहुण्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुतण्याकडे पाहून मान हलवली. ते मी पाहिलं. सोयरीक अर्धी तिथंच झाली होती.

झडत्या सुरू झाल्या. सुतारानं आपली टाकली. मग माझी पाळी. रिवाजानं मी आधी स्वतःवर टाकायची. पण मागच्या साली मी सगळ्यांना गप्प केलं होतं, डोक्यावर त्या साली नवं पागोटं होतं, आणि स्वतःवर बोलण्यासारखं मला काही सापडलं नव्हतं. सुतारानं माझ्याकडे पाहून भुवई वर केली. त्यात दोन प्रश्न होते. स्वतःवर काऊन नाही, आणि घरी ऐकवली काय. मी दोन्हींना मिळून एकदा मान हलवली.

मालकाची छत्री झाली. मालगुजार हसता हसता छत्री उघडून उभा राहिला, ऊन असून. मग मी कोंबडीची टाकली. आखर हसून वाकला. "हर हर महादेव" इतकं मोठं झालं का दोन बैल उधळले. मी जोडीदाराकडे पाहिलं. तो परत फेकेल म्हणून मी एक पाय पुढं टाकून उभा होतो. तो सूर्याकडे पाहून राहिला होता.

मला वाटलं, हरला. मी दुसरी टाकली.

सूर्य म्हने थांब गड्या, येतो तुह्या संग,
हा म्हने मी चाल्लो बाप्पा, भात होते थंड!

पारावर पाहुण्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं पुतण्याच्या कानात काही म्हटलं. मी म्हटलं, यजमानावर बोललेलं त्याला आवडलं नाही, मुर्रीकडे लोकांना गंमत कमी समजत असेल. लोक "आनखी, आनखी" म्हणत होते. सुतारानं हात वर करून थांबवलं. मी थांबलो नाही. तिसरी टाकली, चौथी जागच्या जागी जुळवली. चौथी मला आता आठवत नाही, पण चांगली होती. मग दुसऱ्या बाजूच्यांनीही सुरू केलं. दर साली झडत्या सूर्य वर असतानाच संपायच्या. त्या साली मालगुजाराचा बैल तोरणाखालून गेला तेव्हा सूर्य बुडाला होता. पोळा अमावास्येला असतो. सूर्य बुडाला का मग उजेड काहीच उरत नाही.

डफ वाजत बैल आपापल्या गल्लीला गेले. तोरण तुटल्यावर बैल गावातल्या दारोदार न्यायचे, बायका ओवाळतात, पुरणाचा घास देतात. माझा बैल घेऊन मी निघालो तर जोडीदार होता तिथंच उभा. एक हात बैलाच्या वशिंडावर. मला वाटलं, रुसला.

"चाल ना गा," मी म्हणालो. "झडतीचा राग धरते काय?"

त्यानं माझ्या आवाजाकडे हात केला. दोर धरायला केला असेल, पण हातात माझं पागोटं आलं. ते त्यानं सोडलं नाही. तो माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी पाहून राहिला होता, आणि हळू आवाजात म्हणाला,

"झालं मन भरून? आता घरी ने मले."

"काऊन?"

"दिसत नाही म्हनून. अंधार झाला का मले भिंत आनि बैल एकच. चार सालं झाले."

तीन सालं हा माणूस माझ्या बैलाच्या बाजूनं चालला होता. आता एकेक गोष्ट समजत गेली. कधी उशीर झाला तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, येताना तो पुढं होत नव्हता. क्वचित संध्याकाळी बाहेर भेटला तर आधी मी बोलायची वाट पाहायचा. त्याची पोरगी रोज दिवस कलला का कंदील घेऊन नाल्यापर्यंत यायची. मी समजत होतो, पोरीला फिरायची हौस आहे.

"सांगितलं काऊन नाही?"

"तुले? तू झडती केली असती."

मी पागोटं त्याच्या हातातून सोडवून डोक्यावर ठेवलं.

पाहुणे पारावर बसले होते, पंधरा पावलांवर. पोरीचा बाप ठेचकाळत, चाचपत घरी गेला आणि ते त्यांनी पाहिलं, तर सकाळी नाहीच म्हणतील. व्यंग घराण्यात उतरते म्हणून लोक समजत होते. आणि न जावं तर पोळ्याच्या दिवशी दारोदार न गेलेला बैल त्या पाळण्यावाल्याशिवाय मी कोणाचा ऐकला नाही. मी माझ्या बैलाचा दोर आणि त्याच्या बैलाचा दोर एकात बांधला. दोन्ही बैल रोजच्यासारखे जोडीनं लागले. त्याला दोघांच्या मधात घेतला, दोन्ही हात दोन वशिंडांवर. मी पुढं.

"पाय उचलून टाक," मी म्हणालो. "नाली आली."

"माहीत आहे. नाली माह्याच गावची आहे."

पारासमोरून जाताना पाहुणा म्हणाला, "कोन होय?"

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्या हातात मशाल नव्हती पण बाजूला लोकांच्या होत्या. तासाभरापूर्वी अख्ख्या आखरानं माझं नाव घेतलं होतं. मला त्याचा फार राग आला.

"झडतीवाला," मी म्हणालो.

"अस्सं. तुमच्या गावात पाहुन्यावरही झडत्या टाकतात काय?"

"पाहुन्यावर कोनी टाकली?"

पुतण्यानं पाहुण्याच्या हातात पान ठेवलं आणि बोटं मिटून दिली. मी म्हटलं, केवढा मान ठेवते हा पोरगा.

"दोन बैल एकात काऊन बांधले?" पुतण्या म्हणाला.

"माहा एकटा असला का चमकते, बुजते."

माझा बैल आयुष्यात कधी चमकला नव्हता. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, किंवा मला तसं वाटलं.

पहिल्या दारात लोकांनी झडती मागितली. "कोंबडीची टाका, कोंबडीची." मागं वशिंडावरचे हात घट्ट झाले असतील, मी पाहिलं नाही. सकाळपासून स्वतःवर सापडत नव्हती ती तिथं आपोआप सापडली.

बैल माहा शहाना बाप्पा, धनीच त्याचा बैल,
बैलाले हाय मुसकं, याचं तोंड सैल!

फार हसले. कोंबडीपेक्षा जास्त हसले, हे मला त्या वेळीही आवडलं नाही. सात दारं झाली आणि सातही दारांत मी तीच टाकली. चौथ्या दारात जोडीदार मागून म्हणाला, "आता खरी झडती झाली," पण तो हसून म्हणाला का तसाच, ते अंधारात समजलं नाही. सातव्या दाराच्या पुढं पोरगी कंदील घेऊन उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काका, आता मी घेते," ती म्हणाली.

ती त्याला घेऊन गेली. मी दोन्ही बैल सोडून बांधले. सुतार माझ्या दारात बसला होता.

"घरी ऐकवली होती काय?"

"ऐकवली होती."

"हसली?"

"नाही."

तो उठला, काठी घेतली आणि निघाला. जाताना एवढंच म्हणाला, का आता त्या मापात एक गोष्ट वाढवतो. सवय कायच्यासाठी आहे, हे माहीत झाल्याशिवाय तिला सवय म्हणायचं नाही. मी म्हणालो, पुढच्या साली लक्षात ठेवू. तो म्हणाला, पुढच्या साली तू बैलाजवळ उभा राहून ऐकशील.

जेवताना बायकोनं सांगितलं, पाहुण्यांनी पुतण्याच्या तोंडून कळवलं आहे का पहिल्याच गाडीनं निघणार, जेवायला थांबणार नाहीत. जोडीदाराच्या बायकोनं चुलीवरचं उतरवलंही नाही म्हणे. सोयरीक गेली, हे तिला समजलं होतं. मला झोप लागली, खोटं कायले सांगू. पण उशिरा लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद असते. दिवस निघायच्या आत पोरं गवताची बाहुली घेऊन, सगळी रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत गावाबाहेर नेतात. त्या सकाळी मी पोरांच्याही आधी उठलो. नारबोदीला नाल्यावर बकरे कापतात आणि वाटे घालतात. मी नाल्यावर गेलो आणि म्हणालो, मला माझा मटणाचा वाटा नको, कलेजी पाहिजे, अख्खी. धानाच्या मुलखात हे लहान पोरालाही माहीत आहे, का रातांधळ्याला बकऱ्याची कलेजी खाऊ घालतात. कापणारा म्हणाला, अख्खी कोणाला मिळत नाही, सगळ्यांच्या वाट्याला तुकडा तुकडा जाते. मी तिथं बसलो. बाकीच्या बकऱ्यांचे वाटे होईपर्यंत बसलो. शेवटी त्यानं ती पळसाच्या पानांत बांधून माझ्या हातात दिली, मी उठावं म्हणून.

तशीच घेऊन जोडीदाराच्या ओसरीवर गेलो. ऊन अंगणात आलं होतं. पाहुणे गाठोडं बांधून बसले होते, जोडीदार समोर, त्याची बायको दाराच्या आत. मी पानं जोडीदारासमोर ठेवली आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं का मी काय केलं. कलेजी सकाळी कोणाच्या घरी आणि कशाला नेतात, हे मुर्रीच्याही लोकांना माहीत असणार. जोडीदाराचं तोंड असं झालं का झडतीच्या वेळी झालं नव्हतं.

पाहुणा वाकला. पान बाजूला करून पाहिलं.

"कलेजी होय?"

"होय."

"कोनासाठी आनली?"

पाहुण्यांसाठी म्हणता आलं असतं. पण मी आदल्या दिवसभरात मान हलवून एक आणि बैलाचं एक, एवढं खोटं बोललो होतो, आणि मला त्याची सवय नाही.

"ज्याले रातच्याला दिसत नाही, त्याच्यासाठी," मी म्हणालो.

पाहुणा माझ्याकडे पाहत राहिला. मग पुतण्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"तुमाले कोनं सांगितलं?"

"काय?"

"का मले दिसत नाही म्हनून."

दाराच्या आतून जोडीदाराची बायको काहीतरी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला. पुतण्यानं वर छपराकडे पाहिलं.

"काल येऊन बसलो तं तुमी माह्यावरच सुरू केलं," पाहुणा म्हणाला. "कोंबडीच्या आधी घरी, सूर्याच्या आधी घरी. मी म्हटलं, सोयरीक राहिली बाजूला, या गावानं आधीच सारं पुसून ठेवलं. घरच्यांशिवाय कोनाले ठाव नाही. पंधरा सालं झाले."

"ती माह्यावर होती," जोडीदार म्हणाला.

"तुमच्यावर?"

"मलेही दिसत नाही."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सकाळ होती, दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

"मंग काल तुमी मले पायापासून डोक्यापर्यंत पाहून राहिले होते ते?" जोडीदार म्हणाला.

"दुपारी पाहिलं तेवढंच. संध्याकाळी तुमी होते काय तिथं?"

जोडीदार आधी हसला. मग पाहुणा, आवाज न करता, फक्त मिशा हलत होत्या. पुतण्यानं न विचारता गाठोड्याची गाठ सोडली आणि गाठोडं ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं. आत चुलीवर काहीतरी परत चढलं, ते ऐकू आलं.

मी वहिनीकडून विळी मागून घेतली. ओसरीवर बसून कलेजीचे दोन भाग केले. मोठा पाहुण्यासमोर ठेवला, लहान जोडीदारासमोर.

"मले लहान काऊन गा?" तो म्हणाला.

"तुले लवकर जेवून झोपाचं असते," मी म्हणालो, आणि विळी धुऊन परत दिली.